मधला खांब वर ढकलून पाहा

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला, की कालव्यांवरच्या लहान पुलांवरून दिवसरात्र ट्रॅक्टर जाऊ लागतात. प्रत्येकाच्या मागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या. असाच एक पूल डोळ्यांसमोर आणा. तो दोन गाळ्यांचा आहे. दोन्ही काठांवर एकेक आधार, कालव्याच्या मधोमध एक खांब आणि या तिन्हींवर टाकलेली, कुठेही न तुटलेली अशी एकच सलग तुळई. ट्रॅक्टर अलीकडच्या काठावरून चढतो, मधला खांब ओलांडतो आणि पलीकडे उतरतो. या मिनिटभराच्या प्रवासात मधल्या खांबावरचा भार सतत बदलत असतो. तो कसा बदलतो, आणि सर्वांत जास्त केव्हा होतो?

हा प्रश्न मी बरीच वर्षे वर्गात विचारत आलो आहे. उत्तर बहुतेक वेळा लगेच येते: ट्रॉलीचे चाक बरोबर खांबावर आले, की सर्वांत जास्त. एकच चाक असेल तर हे उत्तर बरोबर आहे. चाके दोन झाली, की ते चुकते. ते का चुकते हे कळायला आकडेमोडीआधी एक रेषा काढावी लागते. ती रेषा हातानेच काढायची असते आणि तिचा आकार एक लवचिक पट्टी आपल्याला फुकट दाखवते.

आधी ही रेषा म्हणजे काय ते पाहू. पुलाच्या लांबीइतकी एक आडवी रेघ कागदावर ओढा. आता एक टन वजन पुलावर एका जागी ठेवा आणि मधल्या खांबावर त्यातले किती आले ते मोजा. समजा ०.६ टन आले, तर जिथे वजन ठेवले होते त्या जागी आडव्या रेघेपासून ०.६ उंचीवर एक ठिपका द्या. वजन थोडे पुढे सरकवा, पुन्हा मोजा, पुन्हा ठिपका द्या. या टोकापासून त्या टोकापर्यंतचे ठिपके जोडले, की तयार होते ती मधल्या आधाराच्या प्रतिक्रियेची प्रभाव रेषा. प्रतिक्रिया म्हणजे आधाराने तुळईला खालून वर दिलेला जोर. या आलेखात एक गोष्ट पहिल्यांदा सगळ्यांनाच चकवते. एखाद्या जागची उंची त्या जागी काय घडते ते सांगत नाही. वजन त्या जागी असताना *मधल्या खांबावर* काय घडते, ते सांगते. आलेखावरची जागा वजनाची असते आणि उंची मात्र नेहमी त्या एकाच खांबाची.

असे एकेक वजन ठेवून मोजत बसायचे, किंवा प्रत्येक जागेसाठी समीकरण मांडायचे, तर दिवस जाईल. सलग तुळईत अडचण अशी, की आधार तीन आहेत आणि समतोलाची उपयोगी समीकरणे दोनच: वरचे आणि खालचे जोर जुळले पाहिजेत आणि तुळई फिरता कामा नये. तीन अज्ञात दोन समीकरणांत सुटत नाहीत. तुळई कशी वाकते हे हिशेबात घेतल्याशिवाय उत्तर येतच नाही. हाइनरिख म्युलर-ब्रेस्लाऊ या जर्मन अभियंत्याने नेमके त्या वाकण्यालाच कामाला लावले. त्याचा जन्म १८५१ साली ब्रेस्लाऊ शहरात झाला. ते शहर आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव व्रोत्सवाफ. म्युलर हे आडनाव जर्मनीत फार जणांचे, म्हणून त्याने जन्मगावाचे नाव आपल्या आडनावाला जोडले. पुढे बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात तो एमिल विंकलरच्या जागी प्राध्यापक झाला. प्रभाव रेषेच्या कल्पनेवर सुरुवातीचे काम करणाऱ्यांत हा विंकलरही होता.

म्युलर-ब्रेस्लाऊचे तत्त्व आपल्या पुलापुरते असे सांगता येईल: ज्या आधाराची प्रभाव रेषा हवी तो आधार काढून टाका. तिथे तुळईला वरच्या दिशेने एक एकक इतके ढकला. बाकीचे आधार तसेच ठेवा. तुळई जो आकार घेईल, तीच प्रभाव रेषा.

हे वाचून विश्वास बसत नाही, म्हणून घरी करून पाहा. लाकडी पाटावर कागद लावा. त्यावर एक सरळ रेघ ओढा आणि तिच्यावर एकमेकींपासून २८ सेंटिमीटर अंतरावर दोन टाचण्या ठोका. प्लॅस्टिकची ३० सेंटिमीटरची लवचिक फूटपट्टी कागदावर कडेवर उभी धरा आणि टाचण्यांना टेकवा, म्हणजे दोन्ही टोके टाचण्यांच्या पलीकडे जाणार नाहीत. या दोन टाचण्या म्हणजे काठचे दोन आधार. आता बरोबर मध्ये, म्हणजे टाचणीपासून १४ सेंटिमीटरवर, पेन्सिलने पट्टीला टाचण्यांच्या दिशेने २ सेंटिमीटर ढकला. पट्टी टाचण्यांमधून कमानीसारखी पुढे येईल. दुसऱ्या कुणाला तरी पट्टीच्या कडेने कागदावर रेघ ओढायला सांगा. पट्टी उचला. कागदावर उरली ती तुमची प्रभाव रेषा. मात्र मधली २ सेंटिमीटर उंची म्हणजे १ असे धरायचे.

आता कुठल्याही एका गाळ्याच्या मधोमध, म्हणजे टाचणीपासून ७ सेंटिमीटरवर, वक्राची उंची मोजा. ती १४ मिलिमीटरच्या जरा आतच येईल. २० मिलिमीटरपैकी १४, म्हणजे ०.७ च्या आसपास. पुस्तकातले अचूक उत्तर ११ भागिले १६, म्हणजे ०.६८७५ आहे. कुठलेही समीकरण न मांडता, प्लॅस्टिकच्या पट्टीने आपण दोन टक्क्यांच्या आत पोचलो. पट्टीऐवजी पतंगाची कामटी घेतली, तर एवढे जुळणार नाही. कामटी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक असते, आणि आपण पूल सगळीकडे सारख्या जाडीचा धरला आहे. विशेष म्हणजे हे पोरखेळाचे काम नव्हते. अमेरिकेत प्रिन्स्टनचे प्राध्यापक जॉर्ज बेग्ज यांनी १९२० च्या दशकात जाड कागदाची प्रतिरूपे कापून, त्यांचा आधार नेमका थोडासा हलवून आणि बाकीची हालचाल सूक्ष्मदर्शकातून वाचून खऱ्या बांधकामांच्या प्रभाव रेषा काढल्या. संगणक येण्यापूर्वी किचकट सांगाड्यांसाठी ही पद्धत गंभीरपणे वापरली जात होती.

आता हे का जमते? आधार काढून ढकलण्याचा आणि पुलावर फिरणाऱ्या वजनाचा संबंध काय? उत्तर इटलीच्या एनरिको बेट्टी या गणितज्ञाच्या १८७२ सालच्या प्रमेयात आहे. त्याच्या आधी, १८६४ मध्ये, मॅक्सवेलने त्याचे साधे रूप मांडले होते. एकाच तुळईच्या दोन वेगळ्या अवस्था घ्या. पहिल्या अवस्थेचे जोर घेऊन ते दुसऱ्या अवस्थेतल्या हालचालींतून किती काम करतात ते काढा. मग उलट, दुसऱ्या अवस्थेचे जोर पहिल्या अवस्थेतल्या हालचालींतून किती काम करतात ते काढा. बेट्टी सांगतो, की दोन्ही कामे सारखी.

आपल्या पुलावर हे लावू. पहिली अवस्था खऱ्या पुलाची: एका जागी एक टन वजन, आणि तिन्ही आधार खालून जोर देत आहेत. तिन्ही आधार पक्के, म्हणून आधारांच्या जागी तुळई हलत नाही. दुसरी अवस्था पट्टीची: मधला आधार काढलेला, तिथे तुळई एककाने वर ढकललेली, काठचे आधार जागच्या जागी. दुसऱ्या अवस्थेत जोर आहेत ते फक्त तीन आधारांच्या जागी, आणि त्या तिन्ही जागी पहिल्या अवस्थेतली तुळई हललेलीच नाही. म्हणून त्या जोरांचे काम शून्य. बेट्टीप्रमाणे उलट बाजूचे कामही शून्य असले पाहिजे. त्या उलट बाजूला काय आहे? काठचे आधार पट्टीत हलत नाहीत, त्यांचे काम शून्य. मधल्या खांबाचा जोर वर आहे आणि पट्टी तिथे एककाने वर गेली आहे. एक टन वजन खाली ओढते आहे, पण पट्टी त्या जागी जितकी वर गेली तितके त्याला वर जावे लागले. दोन्ही मिळून शून्य, म्हणजे मधल्या खांबाचा जोर वजनाखालच्या पट्टीच्या उंचीइतकाच. एवढाच सगळा पुरावा आहे. मला तो दर वर्षी नव्याने आवडतो, कारण यात तुळईची जाडी किंवा पोलाद-काँक्रीट असला कुठलाच तपशील येत नाही.

पट्टी न घेता नुसत्या हाताने रेषा काढायची, तर तिचे काही गुण माहीत असले की पुरते. काठांवर उंची शून्य, कारण वजन काठावर असेल तर मधल्या खांबाला काहीच जात नाही. मध्ये उंची १, कारण वजन थेट खांबावर असेल तर सगळे त्याचेच. दोन्ही गाळे सारखे असल्याने आकार दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखा. आणि सर्वांत महत्त्वाचे, माथ्यावर पट्टी गोल आहे. तिथे टोक नाही. सलग तुळई मोडल्याशिवाय तिच्यात कोपरा येत नाही. माथ्याशी रेषा क्षणभर आडवी असते आणि मग दोन्हीकडे हळूहळू उतरते. काठांशी मात्र ती सरळ, तिरकी उतरते. पट्टी टाचणीला नुसती टेकली आहे, तिला तिथे फिरायला मोकळीक आहे, म्हणून काठाशी वाकणे जवळजवळ नाहीच.

इथे मुले तीन चुका करतात. त्या चुका पाहिल्या की रेषा जास्त नीट कळते. पहिली चूक, तंबू काढणे: काठांपासून मध्यापर्यंत दोन सरळ रेघा आणि वर टोक. दुसरी चूक, काठांशी रेषा आडवी करणे, म्हणजे घंटेसारखा आकार. काठावर तुळई भिंतीत घट्ट रोवलेली असती, तर तसा आकार आला असता. तिसरी चूक सर्वांत खोलची. मूल पुलावर वजन ठेवल्यावर पूल कसा वाकेल तो आकार काढते. त्यात एक गाळा खाली झोळ घेतो, दुसरा वर उचलला जातो आणि मधल्या आधारावर उंची शून्य. तो आकार खरा आहे, पण आपल्या प्रश्नाचा नाही. आपल्या रेषेत मधला आधार काढलेला असतो आणि पुलावर एकही वजन नसते.

हाताने काढताना एक युक्ती फार उपयोगी पडते. मध्याच्या उंचीवर, म्हणजे १ वर, एक आडवी रेघ ओढा. काठापासून गाळ्याच्या दोन तृतीयांश अंतरावर या आडव्या रेघेवर खूण करा. काठापासून त्या खुणेपर्यंत सरळ रेघ ओढा. वक्र काठाशी या रेघेला लागून निघतो आणि मध्याशी आडव्या रेघेला लागून संपतो. या दोन रेघांच्या कोपऱ्यात हलक्या हाताने वक्र बसवला, की मधली उंची आपोआप ०.७ च्या आसपास येते. कुठल्याही जागची अचूक उंची हवी असेल, तर तेही सोपे आहे. काठापासूनचे अंतर गाळ्याचा किती भाग आहे तो अपूर्णांक घ्या, त्याच्या तिपटीतून त्याचा घन वजा करा आणि निम्मे करा. अर्ध्या गाळ्यासाठी: दीड वजा ०.१२५, त्याचे निम्मे, ०.६८७५.

तंबू चुकीचा म्हटला, पण तो एका वेगळ्या पुलासाठी बरोबर आहे. मधल्या खांबावर तुळई तोडलेली असेल, म्हणजे दोन सुट्या तुळया खांबावर नुसत्या शेजारी टेकवल्या असतील, तर मधला आधार काढून वर ढकलल्यावर त्या वाकत नाहीत, दोन फळ्यांसारख्या उचलल्या जातात. तेव्हा प्रभाव रेषा सरळ रेघांची, टोकदार. गाळ्याच्या मध्यावर तिची उंची बरोबर अर्धी. वजन मध्ये असले की निम्मे इकडे, निम्मे तिकडे, हे आपले रोजचे गणित. सलग तुळईचा वक्र या तंबूच्या सगळीकडे वर असतो. फक्त काठांवर आणि माथ्यावर दोघे जुळतात. सलग तुळई मधल्या खांबावर जास्त भार टाकते, ही गोष्ट एवढ्या चित्रातून, एकही आकडा न मांडता दिसते.

ती जास्तीची रक्कम किती, तेही या चित्रातच आहे. तुळईचे स्वतःचे वजन सगळीकडे सारखे पसरलेले असते. तेव्हा मधल्या खांबावरचा भार काढायला वक्राखालचे क्षेत्रफळ दर मीटरच्या वजनाने गुणायचे. समजा प्रत्येक गाळा १० मीटर आणि पुलाचे वजन दर मीटरला ३ टन. तंबूखालचे क्षेत्रफळ १० मीटर, म्हणून सुट्या तुळयांच्या पुलात मधल्या खांबावर ३० टन. वक्राखालचे क्षेत्रफळ साडेबारा मीटर, म्हणून सलग पुलात ३७.५ टन. पूल तोच, वजन तेच, खांबावर मात्र सव्वापट भार. घरबांधणीतही हा प्रसंग येतो. तीन भिंतींवर एकच लांब गर्डर टाकतात आणि मधल्या भिंतीचा भार काढताना ‘दोन्ही बाजूंचे निम्मे निम्मे’ असा हिशेब करतात. गर्डर सलग असेल, तर हा हिशेब पाचवा हिस्सा कमी पडतो.

आता उसाच्या ट्रॉल्यांकडे येऊ. हिशेब सोपा राहावा म्हणून ट्रॅक्टरचे वजन बाजूला ठेवू आणि प्रत्येक ट्रॉलीचा भार एका आसावर ८ टन, दोन आसांतले अंतर ६ मीटर असे धरू. गाळा १० मीटरचाच. पुढचा आस बरोबर खांबावर आहे असे समजा. त्याची उंची १. मागचा आस खांबापासून ६ मीटर, म्हणजे काठापासून ४ मीटर. त्याची उंची ०.५६८. बेरीज १.५६८, गुणिले ८, म्हणजे साधारण १२.५ टन. आता गाडी ३ मीटर पुढे जाऊ द्या, म्हणजे खांब दोन आसांच्या बरोबर मध्ये येईल. आता खांबावर एकही चाक नाही. दोन्ही आस खांबापासून तीन-तीन मीटरवर आहेत. प्रत्येकाची उंची ०.८७८५. बेरीज १.७५७, गुणिले ८, म्हणजे १४ टनांहून थोडे जास्त. चाक खांबावर असतानापेक्षा दीड टन अधिक.

हेच दोन सुट्या तुळयांच्या पुलावर करून पाहा. चाक खांबावर: १ अधिक ०.४, म्हणजे १.४. खांब दोन्हींच्या मध्ये: ०.७ अधिक ०.७, पुन्हा १.४. तंबूच्या दोन्ही बाजूंना रेघा सरळ आणि सारख्या तिरप्या असल्याने एक आस जितका वर चढतो तितकाच दुसरा उतरतो. दोन आस खांबाच्या दोन बाजूंना आहेत तोवर बेरीज बदलतच नाही. सलग पुलाचा माथा गोल असल्याने तिथे गणित वेगळे होते. माथ्यावरून थोडे खाली सरकणाऱ्या आसाचे फारसे नुकसान होत नाही, कारण तिथे रेषा आडवी आहे. उलट चढावर असलेल्या आसाचा फायदा मोठा होतो. म्हणून दोन्ही आस माथ्याच्या दोन बाजूंना समान अंतरावर आले, की बेरीज सर्वांत मोठी. माथा गोल की टोकदार, हा चित्रकलेचा प्रश्न नाही. गाडी कुठे उभी करून खांब तपासायचा, हे त्याच्यावर ठरते.

या चित्राने आणखी एक गोष्ट ठरते. वक्र सगळीकडे आडव्या रेघेच्या वरच आहे, म्हणजे पुलावर कुठेही ठेवलेले वजन मधल्या खांबाचा भार वाढवतेच. त्यामुळे मधल्या खांबासाठी सर्वांत वाईट स्थिती म्हणजे दोन्ही गाळ्यांवर वाहने भरलेली. काठच्या आधारासाठी हे खरे नाही. पाटावर काठची टाचणी काढून, मध्यावर टाचणी ठोकून पट्टीचे टोक वर ढकला. पलीकडच्या गाळ्यात पट्टी रेघेच्या खाली जाते. तिथले वजन काठच्या आधाराचा भार कमी करते. गाळ्याच्या मध्यावर एक टन वजन असेल, तर जवळच्या काठावर १३/३२ टन, मधल्या खांबावर २२/३२ टन आणि दूरच्या काठावर उणे ३/३२ टन. उणे म्हणजे दूरचा काठ तुळईला खालून टेकू देत नाही, तिला खाली धरून ठेवतो.

हा उणे जोर सारख्या गाळ्यांत लहानसा आहे. गाळे कमी-जास्त असले की तो डोके वर काढतो, आणि रेषाही अनपेक्षित वळण घेते. पाटावरच्या टाचण्या तशाच ठेवा, पण पेन्सिल मध्यावर न लावता एका टाचणीजवळ सरकवा, म्हणजे एक गाळा दुसऱ्याच्या दुप्पट होईल. ढकला आणि नीट पाहा. पट्टीचा सर्वांत उंच बिंदू पेन्सिलीपाशी नाही. तो लांब गाळ्याच्या बाजूला सरकला आहे. पेन्सिलीपाशी उंची १, म्हणजे शेजारी ती १ पेक्षा जास्त.

गाळे १० आणि ५ मीटरचे घेतले, तर माथा लांब गाळ्यात, खांबापासून सुमारे १.८ मीटरवर येतो आणि तिथली उंची १.०८९. तिथे आठ टनांचा आस उभा राहिला, तर मधल्या खांबावर ८.७ टन येतात. पुलावरच्या वजनापेक्षा जास्त! वर्गात हे सांगितले की मुलांना आकडेमोडीत चूक झाली असे वाटते. हिशेब मात्र जुळतो. लांब गाळ्याच्या काठावर ०.७४ टन, खांबावर ८.७१ टन आणि आखूड गाळ्याच्या काठावर १.४५ टन, पण उलट दिशेने. पहिल्या दोघांच्या बेरजेतून तिसरा वजा केला, की बरोबर ८. लांब गाळा वाकला की आखूड गाळ्याची शेपटी वर उठू पाहते. काठाने तिला खाली धरून ठेवले, तर ती ओढही मधल्या खांबाच्याच माथी येते.

आता खरी शंका: काठ तिला खाली धरतो का? आपल्याकडे लहान पुलांत तुळई काठावर बेअरिंगवर नुसती टेकलेली असते. तिला खाली ओढून धरणारे काही नसते. तिथे पुलाच्या स्वतःच्या वजनावर भिस्त ठेवावी लागते. या १० आणि ५ मीटरच्या पुलात, दर मीटरला ३ टन वजन धरले, तर आखूड काठावर पुलाच्या वजनाने फक्त १.८७५ टन येतात. सुटी तुळई असती तर साडेसात आले असते. बाकीच्यातले बहुतेक लांब गाळ्याच्या वजनाने आधीच उचलून घेतले. आणि लांब गाळ्यात, काठापासून ५.८ मीटरवर उभा राहिलेला आठ टनांचा एकच आस आखूड काठाला २.०५ टनांनी वर ओढतो. म्हणजे एका भरलेल्या ट्रॉलीने आखूड टोक बेअरिंगवरून सुटते. प्रत्येक गाडीसरशी ते टोक उचलते आणि आपटते. बेअरिंगपाशी झिजलेल्या, चेपलेल्या खुणा आणि गाडी गेल्यावर ऐकू येणारा ठोका ही त्याची लक्षणे. म्हणून असे गाळे घ्यावेच लागले, तर आखूड टोक बोल्टने खाली बांधतात, किंवा त्याच्यावर मुद्दाम जादा वजन ठेवतात.

टोक सुटले, की आपली वक्र रेषाही सुटली. तिच्या पुराव्यात काठचा आधार जागचा हलत नाही असे गृहीत होते. ते खोटे ठरल्यावर पुढच्या वाढत्या वजनासाठी वेगळी रेषा लागते, आणि ती काढायची रीत तीच आहे. पाटावर आखूड बाजूची टाचणी काढून टाका आणि पेन्सिलीने पट्टी पुन्हा वर ढकला. आता पट्टी वाकत नाही. ती उरलेल्या एका टाचणीभोवती सरळच्या सरळ फिरते: काठाशी शून्य, खांबापाशी १, आणि मोकळ्या टोकाशी दीड.